दोन पासपोर्ट, एक खिडकी

चिखली-खामगावकडचं पोरगं अमेरिकेचं नागरिक झालं की गावात पेढे वाटतात. त्याचा भारतीय पासपोर्ट मात्र कपाटातच राहतो. मुदत अजून चार वर्षं आहे, मग कशाला परत करायचा?

कारण तो त्याचा राहिलेलाच नसतो. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की, स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. त्यासाठी ना अर्ज लागतो, ना नोटीस. न्यूजर्सीत शपथ झाली त्या क्षणी कपाटातल्या पुस्तिकेवरची तारीख फक्त शोभेची उरली.

आता समजा, अशा सुपुत्राला चुलतबहिणीच्या लग्नाला घाईत यायचंय. ओसीआयचे कागद कोण गोळा करणार? तो भारतीय पासपोर्टवर मुंबईत उतरतो, शिक्का बसतो. शेगावला दर्शन होतं, लग्नात पंगती उठतात. घोळ होतो परतीच्या रात्री. विमान कंपनीच्या काउंटरवर भारतीय पासपोर्ट दिला तर प्रश्न येतो, "अमेरिकेचा व्हिसा? ग्रीन कार्ड?" ग्रीन कार्ड तर शपथेच्या वेळीच जमा झालेलं. मग अमेरिकन पासपोर्ट बाहेर निघतो आणि बोर्डिंग पास हातात पडतो. पुढे इमिग्रेशनची खिडकी. तिथे अमेरिकन द्यावा, तर त्यावर भारतात आल्याची नोंद नाही अन् व्हिसाही नाही. भारतीय द्यावा, तर तिथेही तोच प्रश्न, "जाणार कशावर?" दोन्ही ठेवले की शपथेची तारीख आणि शिक्क्याची तारीख शेजारी-शेजारी येतात. पुढे चौकशी, पासपोर्ट जप्त, दंड. तोवर विमान थांबत नाही.

खरा पेच तान्ह्या बाळांचा आहे. आईवडील भारतीय, बाळ तिकडे जन्मल्यामुळे अमेरिकन. वर्षाच्या आत वकिलातीत नोंदवलं तर ते भारतीयही होऊ शकतं. पण त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं आईबापांनी लिहून द्यायचं. आणि अमेरिकेचा नियम असा की, आमचा नागरिक आमच्याच पासपोर्टवर आत-बाहेर करेल. आता बाळाने काय करावं, हे दोन्ही सरकारांनी एकत्र बसून सांगावं.

थोरल्यांना मात्र सबब नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे हे खरं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. कुणाचं मन सात-बाऱ्यात अडकत असेल तर तेही समजतं. पण जुना पासपोर्ट दडवून जमिनीचा हक्क टिकत नाही. तेव्हा शपथ झाली की तो वकिलातीमार्फत परत करा, प्रमाणपत्र घ्या आणि मग ओसीआयचा अर्ज करा. लग्न तोंडावर आलं असेल तर अमेरिकन पासपोर्टवर ई-व्हिसा काढा. त्याचा अर्ज निदान चार दिवस आधी करावा लागतो.