ग्रोमेट मोजणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

जळगावात ठिबकचं दुकान टाकलंत ना? मग साठा मोजायची रूढ रीत अशी: दिवाळीआधी शटर अर्धं ओढायचं, पोऱ्याला खाली बसवायचं आणि ग्रोमेटच्या गोण्या ओतून एकेक रबर मोजायला लावायचं. तिसऱ्या दिवशी आकडा निघतो, बारा कमी. शेठ बोंब मारतात. त्याच आठवड्यात मागच्या दाराने लॅटरलचं एक बंडल गेलेलं असतं, पण बंडलांकडे बघायला सवड कोणाला!

ही रीत मोडायची असेल तर वही घ्या. प्रत्येक वस्तूचा वर्षाचा खप गुणिले खरेदीभाव मांडा. समजा, १६ मिमी लॅटरलची ३०० बंडलं, ४,००० रुपयांनी, म्हणजे १२ लाख. सबमर्सिबल पंप २५, वीस हजारांनी, ५ लाख. पंपाची केबल ३ लाख. उरलेल्या दोनेकशे बारीकसारीक वस्तू मिळून ५ लाख. एकूण २५ लाखांतले २० लाख तीन वस्तूंत! हा तुमचा 'अ' वर्ग. आणि वर्षाचे ४,००० ग्रोमेट, रुपयाने एक? चार हजार. म्हणजे एक बंडल. (जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी ही अ-ब-क वाटणी १९५१ मध्ये लिहून मांडली. ग्रोमेट मात्र आपण अजून मोजतोय.)

नवशिक्या इथेच घसरतो: दर्शनी भागातला पंचवीस हजारांचा वाळूचा फिल्टर बघून त्यालाच 'अ' म्हणतो. वर्षाला तीन खपतात, ७५ हजार. तो 'ब'. किमतीच्या चिठ्ठीवर जाऊ नका, गुणाकारावर जा.

'अ'ची मोजणी दर आठवड्याला. केबल ड्रमवरून कापून देताना हात सैल सुटतो, म्हणून ड्रमवर शिल्लक मीटर खडूने लिहीत जा आणि बिलांशी ताडा. खरेदी थोडी थोडी, पण मृगबाग आणि कांदेबागेच्या लागवडीआधी हात मोकळा. 'ब' महिन्यातून एकदा. धुळ्यात दुसरं दुकान काढलंत तर जळगावची यादी उचलून नेऊ नका. तिथे तुषार संच जास्त खपत असतील, तर 'अ'मध्ये तेच बसतील.

'क' मोजू नका, पण संपूही देऊ नका. ग्रोमेटचे दोन डबे भरा. पहिला रिकामा झाला की मागणी नोंदवा, तोवर दुसरा वापरा. कारण रावेरचा केळीवाला ४० बंडलं घ्यायला येतो. पन्नास-पन्नास मीटरच्या ओळी, म्हणजे ४०० ग्रोमेट लागणार. तुमच्याकडे साठच. तो म्हणतो, "राहू द्या भाऊ, समोर सगळं एकाच जागी मिळतं." चारशे रुपयांच्या रबरापायी एक लाख साठ हजारांचा माल तुमच्या गोदामात तसाच पडून राहतो.