सात दिवसांचे पोस्ट-पंचांग

पोशीरसारख्या गावात मंडळाचा इन्स्टाग्राम सांभाळणे ही खजिनदारकीपेक्षा जड जबाबदारी आहे. खजिनदाराचा हिशोब वर्षातून एकदा विचारतात. पोस्ट मात्र डोंबिवलीला राहणारा पुतण्या दर तासाला विचारतो. तेव्हा ज्याच्या हाती मंडळाचा पासवर्ड आला आहे, त्याने सात दिवसांचे वेळापत्रक पुढील विधीने करावे.

प्रथम कोरा कागद घ्यावा आणि मागच्या वर्षीचे वेळापत्रक फाडून टाकावे. हा सल्ला भावनेच्या भरात दिलेला नाही. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि गौरी 10 तारखेला, म्हणजे चौथ्या दिवशी आल्या. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आली, पण गौरी आल्या 31 तारखेला, पाचव्या दिवशी. कारण गणपती तिथीने येतात आणि गौरी नक्षत्राने: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. दोघांची घड्याळे वेगळी. जुन्या तक्त्यात फक्त तारखा बदलून ज्याने पोस्टी लावल्या, त्याच्या पेजवर गौर एक दिवस आधीच माहेरी पोचणार. खाली पहिली कमेंट गावातल्या आजीची येणार, आणि ती आजी ब्लॉक करता येत नाही. म्हणून आधी पंचांग उघडावे, मग मोबाइल.

आता वेळा. मार्केटिंगचे जाणकार सांगतात की सकाळी सहा-सात ही चांगली वेळ, लोक लोकलमध्ये फोन पाहतात. नेरळहून सुटणाऱ्या गर्दीसाठी ते एरवी खरे आहे. पण चतुर्थीच्या सकाळी तो प्रवासी पाट पुसत असतो, आणि महत्त्वाचे म्हणजे मूर्तीच्या तोंडावर अजून फडके असते. प्राणप्रतिष्ठा मध्यान्हकाळी होते. सकाळी सहाला मूर्तीचा पूर्ण चेहरा दाखवणारा ॲडमिन गुरुजींच्या आधी प्रतिष्ठापना करून मोकळा होतो. सकाळी रिकामे मखर दाखवावे, दर्शन पहिल्या आरतीनंतर. त्याच वेळी कॅमेऱ्यासाठी गर्दीतून वाट काढायला एक धट्टाकट्टा पोरगा नेमावा.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. दुपारी बारापूर्वी ऋषीच्या भाजीचा फोटो टाकावा, कारण त्यानंतर पातेले रिकामे होते. संध्याकाळी मात्र दीड दिवसाचे गणपती निघतात. त्या वेळेला मोदक खाणाऱ्या पोरांची रील आधीच लावून ठेवलेली असेल तर ती काढावी. अर्धे गाव डोळे पुसत असताना खळखळून हसणारे पेज बरे दिसत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, गौरी पाचव्या दिवशी असतील तर, सांगण्यासारखे फार नसते. तिथे भजन घालावे, आणि भजन घालावे म्हणजे स्वतःच्या गावाचे घालावे. पेज व्यवसाय-खात्यावर असेल तर सिनेमाच्या गाण्यांचा आवाज बंद होण्याची शक्यता असते. बुवांच्या बेसूर टाळाला तो धोका नाही. रोजच्या आरतीची वेळ पोस्टमध्ये नको, स्टोरीत टाकावी. स्टोरी चोवीस तास टिकते, तेव्हा रात्री नऊला टाकलेली दुसऱ्या रात्री आरती सुरू होईपर्यंत पुरते. पोस्टमध्ये टाकलेली वेळ पुढच्या मार्चमध्येही कोणीतरी वाचून फोन करतो.

गौरी आल्या की विषयाची ददात नाही, पण फोटोत काय यावे हे घराघराला विचारावे. कोणाकडे मुखवट्याची गौर असते, कोणाकडे तेरड्याच्या रोपांची. कोकणात काही घरी गौरीला गोडाचा, तर काही घरी तिखटाचा नैवेद्य असतो. 'आमच्या गावची परंपरा' असे एकच शीर्षक देऊन एकाच ताटाचा फोटो टाकला, तर उरलेली घरे दोन दिवस फोनवर परंपरा समजावतात. तीन घरांची तीन ताटे दाखवावी आणि शीर्षकात फक्त आळीचे नाव द्यावे.

राहिला सातवा दिवस. 2025 मध्ये तो 2 सप्टेंबर होता आणि गौरींचे विसर्जनही त्याच दिवशी आले. या दिवशीची पोस्ट वेळ लावून कधीही ठेवू नये. संध्याकाळी सातला 'भावपूर्ण निरोप' जातो, तेव्हा बाप्पा कोपऱ्यावर उभे असतात. ढोलवाले चहा पीत असतात आणि पाऊस थांबायची वाट पाहत सगळे एकाच ताडपत्रीखाली असतात. मूर्ती नदीकाठी पोचली की तिथल्या माणसाने फोन करावा, मग पोस्ट सोडावी. मजकूर मात्र दुपारीच लिहून ठेवावा. रात्री हात गुलालाने भरलेले असतात, आणि तशा अंगठ्याला फोन ओळखतच नाही.