शिकवणीच्या पैशांना पाय फुटतात

शनिवार-रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवणाऱ्या आमच्या शेजाऱ्याचा फोन पाच तारखेला दिवसभर वाजतो. सहा मुलं, प्रत्येकी हजार रुपये. रात्रीपर्यंत सहा हजार खात्यात जमा.

वीस तारखेला विचारा, कुठे गेले? त्याला सांगता येत नाही.

चैन केली म्हणावं, तर तीही नाही. दोनदा बाहेरचं जेवण, मुलाचे बूट, कुणाचा तरी आहेर. पगाराच्याच खात्यात फी येते आणि त्याच खात्यातून भाजीवाल्याला पैसे जातात. दुधात विरघळलेली साखर वेगळी कशी काढणार?

शिकवणी कशासाठी घेतोस, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘वरखर्चाला.’’

वरखर्चाला तळ असतो का कधी?

याच माणसाच्या डोक्यावर 25 लाखांचं नवं गृहकर्ज आहे. व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 21,696 रुपये. हप्ता आठवला की कपाळाला आठ्या पडतात. शिकवणीचा आणि या आठ्यांचा काही संबंध असू शकतो, हे मात्र त्याला सुचलं नव्हतं.

मी त्याला कर्जाचं वेळापत्रक काढायला लावलं. पहिल्या हप्त्यातले 17,708 रुपये व्याजात गेले, मुद्दलात गेले 3,988. वर्षभरात बँकेला दिले 2 लाख 60 हजार आणि मुद्दल उतरलं जेमतेम 50 हजारांनी.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

आता शिकवणीचा हिशेब. जून ते मार्च, दहा महिने, 60 हजार. हे पैसे कर्जात भरले तर सगळेच्या सगळे मुद्दलातून वजा होतात. म्हणजे अख्ख्या वर्षाच्या बारा हप्त्यांनी केलं नाही तेवढं काम सहा मुलांच्या फीने केलं!

दरवर्षी असे 60 हजार भरत गेलं आणि व्याजदर हाच राहिला, तर 20 वर्षांचं कर्ज साधारण 13 वर्षांत फिटतं. वाचणारं व्याज दहा लाखांच्या वर. याला वरखर्च म्हणायचं?

दंड लागेल, ही भीती काढून टाका. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड व्यक्तींना लागत नाही. स्थिर दराचं कर्ज असेल तर मात्र करारपत्र उघडा.

खरी गोम पुढे आहे. जादा पैसे भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं बँकेला लेखी द्यायचं. नाहीतर मुदत तशीच राहून हप्ता पाचशे-साडेपाचशे रुपयांनी उतरू शकतो. हे पाचशे कुठे जातील? जिथे ते सहा हजार जात होते तिथेच.

वर्षभर पैसे सांभाळायचे कसे? मनाच्या निर्धारावर अजिबात नाही. जूनमध्येच सहा हजारांची दहा महिन्यांची आरडी काढायची आणि तिची तारीख 15 ठेवायची, कारण एखादे पालक फी उशिरा देतातच. आरडी एप्रिलमध्ये पिकली की थेट कर्जखात्यात.

शिकवणीच्या भरवशावर हप्त्याने फ्रिज मात्र घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये मुलं येत नाहीत. फ्रिजचा हप्ता येतो.

आणि हे सगळ्यांनाच लागू नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, तिचं व्याज गृहकर्जाच्या कितीतरी पट असतं. हाताशी तीन-चार महिन्यांचा खर्च नसेल तर पहिल्या वर्षाची फी तिथे ठेवा, कारण साध्या गृहकर्जात भरलेले पैसे आजारपणात परत मागता येत नाहीत. ही कमाई विवरणपत्रात दाखवायची आणि कर बसत असेल तर तो आधी बाजूला काढायचा. शाळेत शिक्षक असाल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 वाचा. खासगी शिकवणीला तिथे सरळ मनाई आहे. आणि ज्याच्या घरी शिकवणीच्याच पैशांवर किराणा येतो, त्याला कुणी शहाणपण शिकवू नये.

शेजाऱ्याने यंदा एप्रिलमध्ये 60 हजार भरले, मुदत कमी करण्याचा अर्ज दिला, पोच घेतली. पुढच्या महिन्यात संध्याकाळी वर आला. हप्ता तोच, पण त्यातलं व्याज एकदम सव्वाचारशे रुपयांनी कमी झालं होतं. मोबाईलवरचा तो आकडा त्याने बायकोला दाखवला, मला दाखवला.

मग सातवा मुलगा घ्यायचा का, यावर दोघांची चर्चा सुरू झाली.