उद्या इंटरव्ह्यू आहे, एवढंच

करमाडहून भाच्याचा रात्री दहाला मेसेज : 'मामा, उद्या शेंद्र्याला इंटरव्ह्यू आहे. तयारी सांगा.' कोणत्या कामासाठी? 'कंपनीत.' कितवा राऊंड? 'बोलावलंय.' अनुभव? यावर नमस्काराचे दोन हात आले.

डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' म्हणायचं आणि कुठे ते त्यांनीच शोधायचं, तशातली ही गत. शेंद्रा एमआयडीसीत एकाच गेटमधून स्टोअरकीपरही आत जातो आणि सीएनसी ऑपरेटरही. मी आपला ऑपरेटर धरून चाललो. नवखा असेल तर व्हर्निअर हातात देऊन लीस्ट काउंट विचारतील, 0.02 मिलिमीटर म्हणायचं, पण आधी त्यावर कोरलेला आकडा वाचायचा. G00 आणि G01 मधला फरकही विचारतील : पहिल्यात टूल नुसतं धावतं, दुसऱ्यात ठरलेल्या फीडने कापतं.

दोन वर्षं मशीनवर काढलेल्याला हे कोण विचारणार? त्याला विचारतील, 'बाहेरचा व्यास सकाळपासून वाढत वाढत 0.03 ने जास्त झाला, काय करशील?' इन्सर्ट झिजलंय का बघायचं. धार शाबूत असेल तर वेअर ऑफसेटमध्ये X ला उणे 0.03 द्यायचे आणि पुढचा पीस मोजायचा. आणि शेवटचा राऊंड असेल, तर हे सगळं सोडून पगाराचा आकडा नि रात्रपाळी.

पावणेबाराला एवढं टाइप करून पाठवलं. उत्तर आलं : 'मामा, स्टोअरचं आहे वाटतं.'