अठरा युरो कोण खाल्लं बे?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलवाल्या दोस्तानं जर्मनीतल्या एका छोट्या दुकानदाराला माल पाठवला. बिल 1,000 युरोचं. खात्यावर आले 982. दोस्त माझ्यावरच उखडला, "अठरा युरो कोण खाल्लं बे?" जणू मीच वाटेत टोलनाका टाकून बसलो होतो.

तसं रामायण आधीच सुरू झालं होतं. दुकानदाराच्या जर्मन बँकेच्या ॲपनं पहिल्यांदा आयबॅन मागितला. भारतात आयबॅन नाहीच; तिथं साधा खाते नंबर टाकायचा पर्याय शोधावा लागतो. मग BIC मागितला, म्हणजे आपण ज्याला स्विफ्ट कोड म्हणतो तो. दोस्तानं चेकबुकावरचा आयएफएससी ठोकून दिला. दोघांत गल्लत होणारच, कारण आयएफएससी 11 अक्षरी आणि स्विफ्टही 8 किंवा 11 अक्षरी. ओळखायचं पाचव्या अक्षरावरून. आयएफएससीत तिथं शून्य असतं, उदाहरणार्थ `SBIN0`. स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर देशाचं असतं, `SBININBB` मधलं `IN`. शून्य नावाचा देश ॲपला सापडेना, म्हणून त्यानं कोड नाकारला.

स्विफ्ट कोड मुंबईचा निघाला म्हणून दोस्त पुन्हा घाबरला. पण पैसे आधी बँकेत पोचतात, पुढे सोलापूरची वाट खाते नंबर दाखवतो. आयएफएससी लिहायचाच तर बँकेसाठीच्या सूचनेत लिहावा.

लाभार्थी म्हणून दुकानदारानं दोस्ताचं नाव टाकलं होतं. व्हॉट्सॲपवर गप्पा त्याच्याशीच ना! खातं मात्र फर्मच्या नावावर. पासबुकावरचं नाव जसंच्या तसं पाठवायचं सोडून दोस्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवत बसलेला. इथल्या बँकेनं पैसे अडवून खुलासा मागितला.

आता अठरा युरो. ॲपमध्ये शुल्काचे तीन पर्याय होते: `OUR`, `SHA`, `BEN`. दुकानदारानं `SHA` ठेवलं. शेअर्ड, म्हणजे निम्मं-निम्मं, असा दोघांचाही समज. तसं नसतं! पाठवणारा फक्त आपल्या बँकेचं शुल्क भरतो. त्यापुढे वाटेतल्या मध्यस्थ बँकेपासून इथल्या बँकेपर्यंत सगळ्यांचं चहापाणी घेणाऱ्याच्या रकमेतून. `BEN` मध्ये पाठवणाऱ्या बँकेचंही त्यातूनच. `OUR` मध्ये सगळं पाठवणाऱ्याच्या माथी, तरी कधीकधी एखादी मध्यस्थ बँक हात मारतेच.

चोर शोधायला सीसीटीव्ही लागत नाही. इथल्या बँकेत आलेल्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागायची. मूळ रक्कम आणि वाटेतली कपात त्यात वेगवेगळी लिहिलेली असते. दोस्तानं मागितली. 1,000 निघाले होते, 18 मध्यस्थानं कापले होते. हीच प्रत निर्यात बिलाच्या तुटीचा खुलासा म्हणून बँकेला द्यायला उपयोगी पडते.

पुढच्या बिलावर दोस्तानं खाली मोठ्या अक्षरात `OUR` छापलं. दुकानदाराचा लगेच निरोप आला: ठीक आहे, पण टॉवेलचा भाव थोडा कमी करा.