पाच मिनिटांत संगीतकार व्हा!

गाणं म्हणायला रियाज लागतो. संगीतकार व्हायला मात्र एक फॉर्म भरला की पुरे, आणि तो फॉर्म गाणं स्ट्रीमिंगवर चढवताना वितरक आपणहून तुमच्यापुढे ठेवतो. उदाहरणाला ‘इंद्रायणी काठी’ घेऊ. भीमसेनांइतका दम नसला तरी ओळखीचं गाणं म्हणून लोक सांभाळून घेतात.

पहिली पायरी सोपी आहे. Composer या रकान्यात स्वतःचं नाव टाका. कीबोर्ड तुम्हीच वाजवलात, मधले म्युझिक पीस तुम्हीच बसवलेत, मग संगीत दुसऱ्या कुणाचं कसं? ज्यांना हा युक्तिवाद पटत नाही, अशा कटकट्या लोकांचं म्हणणं असं की तुम्ही केलंत ते संगीत संयोजन. त्याचा रकाना वेगळा असतो, Arranger. चाल पु. ल. देशपांड्यांची आणि शब्द ग. दि. माडगूळकरांचे. ‘गुळाचा गणपती’ हा १९५३चा चित्रपट ‘सबकुछ पु. ल.’ म्हणून गाजला, पण त्यातही या गाण्याचे शब्द गदिमांचे आणि आवाज भीमसेन जोशींचा. म्हणजे सबकुछवाल्यानंही जे एकट्याच्या नावावर घेतलं नाही, ते तुम्ही दोन क्लिकमध्ये घेऊ शकता.

एवढं धाडस होत नसेल तर ‘पारंपरिक’ लिहा, किंवा सरळ ‘संत ज्ञानेश्वर’. आळंदीचं नाव आलं, ज्ञानोबांची समाधी आली, म्हणजे अभंगच असणार! शिवाय संत तक्रार करत नाहीत. वारस मात्र करतात. आपल्या कायद्यात कवीचा आणि संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. पु. ल. २००० साली गेले, म्हणजे चालीवरचा २०६० अखेरपर्यंत. ‘जुनं गाणं, आता फुकट’ असं सांगणारा मित्र जुन्या ध्वनिमुद्रणाबद्दल बोलत असतो. त्याची साठ वर्षं खरोखरच सरली, पण ती त्या मूळ मुद्रणाची. शब्द आणि चाल त्यात येत नाहीत.

खऱ्या संतरचनेतही हा घोळ होतो. ‘मोगरा फुलला’ ज्ञानेश्वरांचं, म्हणून नवशिका दोन्ही रकान्यांत माउलींना बसवतो. लताबाईंनी गायलेली चाल तुम्ही गाणार असाल तर गीतकार ज्ञानेश्वर हे बरोबर, पण संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. हक्क संपला असेल तर तो एकाच रकान्यातला.

आता शोधात वर यायचं म्हणून शीर्षकातच ‘भीमसेन जोशी’ घाला, मुखपृष्ठावर त्यांचा फोटो लावा. आदरांजलीच आहे ना? इथे कायदा जरा अरसिक निघतो. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी कव्हरसाठी परवाना देतं, पण अट घालतं की वेष्टनावर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र नको, लोकांची फसगत होईल असं काही नको आणि हे कव्हर आहे हे स्पष्ट छापायला हवं. संगीतकाराचं नाव द्यायचं आणि मूळ गायकाचं वेष्टनावर टाळायचं, हे नवशिक्याला उलटं वाटतं. पण चाल तुम्ही खरंच वापरता आहात, गळा मात्र तुमचाच आहे.

राहिले किरकोळ रकाने. तारखेत १९५३ टाकू नका, नाहीतर तुमचा आवाज सत्तर वर्षांनी म्हातारा दिसेल. मूळ ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी क्रमांक उचलून चिकटवू नका. तो रचनेचा नसतो, त्या एका मुद्रणाचा असतो, आणि तुमच्या मुद्रणाला नवा मिळतो. फ्लॅक फाइलमधले टॅग भरून झाले की साधारण असे दिसावेत:

```
TITLE=इंद्रायणी काठी
VERSION=कव्हर
ARTIST=तुमचं नाव
COMPOSER=पु. ल. देशपांडे
LYRICIST=ग. दि. माडगूळकर
ARRANGER=तुमचं नाव
DATE=तुमच्या मुद्रणाचं वर्ष
```

एमपी३ असेल तर संगीतकार TCOM मध्ये आणि गीतकार TEXT मध्ये जातो. पण फाइलमधले हे टॅग वितरक वाचेलच असं नाही, म्हणून तीच नावं फॉर्ममध्येही भरावी लागतात. गाणं प्रसिद्ध झाल्यावर अ‍ॅपमध्ये त्याचं श्रेय उघडून बघा. तिथे संगीतकार म्हणून तुम्हीच झळकत असाल, तर मित्रांचे अभिनंदनाचे मेसेज यायच्या आत दुरुस्ती पाठवा.

शेवटी वर्णनात ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ हे वाक्य टाका. त्यानं काहीच होत नाही, पण सगळे टाकतात. नावं अचूक दिली म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. ती हक्कधारकाकडून किंवा ३१सीनुसार वेगळी घ्यावी लागते, आणि ३१सी फक्त ध्वनिमुद्रणापुरतं असल्यामुळे इंद्रायणीच्या घाटावर उपरणं उडवत काढलेल्या व्हिडिओसाठी आणखी वेगळी.