बोक्याचा दूधभात

मराठी घरात मांजराने दूधभात खायचा, हे ठरलेलंच आहे. भात मऊ, दूध कोमट आणि बशी टवका उडालेली. मांजर ती चाटूनपुसून लख्ख करतं, मिशा साफ करतं आणि घरातली मंडळी कौतुकाने सांगतात, "आमचा बोक्या अगदी शाकाहारी हो!" हे प्रमाणपत्र देताना बोक्याला कोणी विचारलेलं नसतं. दुपारी सगळे लवंडले की तो माळ्यावर जाऊन उंदीर धरतो, परसात एखादी पाल उरकतो आणि संध्याकाळी पुन्हा सात्त्विक चेहऱ्याने बशीपाशी हजर. त्या उंदरावर त्याचे डोळे आणि हृदय चाललेलं असतं, हे ना घरच्यांना ठाऊक, ना त्याला.

उंदराच्या मांसात टॉरिन नावाचा एक पदार्थ असतो. 1827 साली तो पहिल्यांदा सापडला तो बैलाच्या पित्तात. भातात, पोळीत, वरणात तो जवळजवळ नसतोच. गाईच्या दुधात असतो, पण अगदी नावापुरता. आपण माणसं आणि बहुतेक कुत्री तो इतर अमिनो आम्लांपासून शरीरातच तयार करतो. मांजराच्या पूर्वजांना मात्र तो रोज शिकारीत आयता मिळत होता. कोपऱ्यावरच्या दुकानात चांगली पुरणपोळी मिळायला लागली की घरातलं पुरणयंत्र माळ्यावर जातं, तसं मांजराच्या शरीराचं झालं. टॉरिन बनवणारी एन्झाइम्स त्याच्याकडे आहेत, पण इतकी मंद की त्यांच्यावर भागत नाही. (गोड चव ओळखणारं जनुकही असंच निकामी झालेलं आहे. बोक्या पेढ्याकडे टक लावून बघतो तो साखरेसाठी नव्हे.)

मिळकत अशी, आणि खर्चाला हात सैल. चरबी पचवायला यकृत पित्ताम्लं तयार करतं आणि ती कशाला तरी जोडून आतड्यात सोडतं. माणसाचं यकृत त्यासाठी टॉरिन वापरतं, नाहीतर ग्लायसीनवर भागवतं. मांजराला ग्लायसीन चालत नाही. सोडलेल्यापैकी बरंचसं टॉरिन शरीर परत शोषून घेतं, पण काही भाग आतड्यातले जिवाणू फस्त करतात. ही गळती रोजची, मग बशीत काहीही असो.

1975 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांजरांना केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, हेच मुख्य प्रथिन असलेला आहार दिला. महिने गेले तशा त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागातल्या पेशी मरू लागल्या. कारण निघालं टॉरिनचा अभाव. घरात हे लवकर लक्षात येत नाही. मांजर मिशांच्या आणि आठवणीच्या जोरावर घरभर बिनधास्त फिरतं; सोफा हलवला आणि ते त्यावर आपटलं, म्हणजे मग शंका येते. तोवर गेलेली नजर परत येत नाही.

हृदयाचं प्रकरण कळायला 1987 उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात पॉल पायन या तरुण डॉक्टरकडे हृदय फुगून ढिलं पडलेली मांजरं येत. स्नायू पातळ, ठोका दुबळा, फुप्फुसात पाणी, आणि मांजर धापा टाकत कोपरा धरून बसलेलं. अशी मांजरं सहसा वाचत नसत. पायन आणि सहकाऱ्यांनी 21 मांजरांचं रक्त तपासलं, तर टॉरिन तळाला गेलेलं. गंमत म्हणजे ही दूधभातावरची मांजरं नव्हती, बाजारातलं तयार खाणं खाणारी होती. त्या खाण्यात टॉरिन त्या वेळच्या शिफारशीइतकं होतं, पण शिफारसच तोकडी निघाली. डबाबंद खाणं जास्त तापवलं जातं, आणि असं अन्न पोटात गेलं की टॉरिन फस्त करणारे जिवाणू फोफावतात. म्हणून आज डब्यातल्या खाण्यात कोरड्या दाण्यांच्या दुप्पट टॉरिन घालायचा दंडक आहे.

डोळ्यांसारखं हृदयाचं नव्हतं. टॉरिनची पूड तोंडावाटे सुरू केल्यावर सुरुवातीचे दिवस तगलेली मांजरं आठवड्या-दोन आठवड्यांत हिंडूफिरू लागली आणि काही महिन्यांत बऱ्याच जणांची हृदयं पूर्वपदावर आली. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं तसा हा आजार दुर्मीळ झाला. मात्र हृदयाचं प्रत्येक दुखणं टॉरिनचं नसतं, त्यामुळे रक्त न तपासता पूड चाटवत बसण्यात अर्थ नाही.

आता आमच्या इमारतीतल्या सातव्या मजल्यावरच्या काकूंचा बोक्या. तिथे माळा नाही, उंदीर नाही, खिडकीला जाळी. दूधभात तेवढा उरला.

"अहो काकू, त्याला मांस हवं," मी म्हटलं.

"आमच्या घरात? आणि ते टॉरिन काय मांसातूनच येतं का रे?"

प्रश्न बिनतोड होता. खाण्याच्या पाकिटातलं टॉरिन बहुतेक कारखान्यात, प्राण्याशिवाय बनतं. पण मांजराचं अडतं ते तेवढ्यावरच नाही. गाजरापासून अ जीवनसत्त्व बनवणंही त्याला जमत नाही, आणि प्राण्यांच्या चरबीतलं एक स्निग्धाम्लही त्याला आयतंच लागतं. शेवटी काकू तयार पाकिटावर राजी झाल्या, लेबलावर टॉरिन लिहिलेलं बघून. त्यांची सून माहेराहून उकडलेलं चिकन आणते, तेव्हा मी तिला एवढंच सांगतो की पाणी फेकू नकोस, त्यात टॉरिन उतरलेलं असतं. मीठमसाला नसेल तर तेच बशीत ओत. बशी आता गॅलरीत असते. काकू तिच्याकडे पाठ करून पोथी वाचतात.